बेल्स पाल्सी

बेल्स पाल्सी हा चेहऱ्याच्या एकाच बाजूच्या स्नायूंना अचानक येणारा लकवा आहे. चेहऱ्याच्या स्नायूंना चालना देणारी चेता (आनन चेता) कानामागील हाडातून जाताना सुजते आणि त्या अरुंद जागेत दाबली जाते, त्यामुळे हा विकार उद्भवतो. बोलीभाषेत त्याला 'तोंड वाकडे होणे', 'तोंडावरून वारे जाणे' किंवा 'चेहऱ्याचा लकवा' असे म्हणतात. आयुर्वेदात वातविकारांमध्ये 'अर्दित' या नावाने वर्णिलेला विकार याच्याशी बराच मिळताजुळता आहे. वर्षभरात दर एक लाख लोकांमागे सुमारे १५ ते ३० जणांना हा विकार होतो. बहुतेक रुग्णांचा चेहरा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पूर्ववत होतो. मात्र त्या काळात न मिटणाऱ्या डोळ्याची काळजी घेतली नाही, तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते.

== नाव ==
स्कॉटलंडमध्ये जन्मलेले शल्यचिकित्सक चार्ल्स बेल यांनी १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या चेतांवरील निबंध सादर केला. चेहऱ्याची हालचाल आणि चेहऱ्याचा स्पर्श यांसाठी वेगवेगळ्या चेता असतात, हे त्यांच्या कार्यामुळे पुढे आले. त्यांच्यावरूनच विकाराचे नाव पडले. वाकड्या चेहऱ्याची वर्णने मात्र बेल यांच्या कितीतरी आधीची आहेत. भारतीय वैद्यकग्रंथांप्रमाणेच पर्शियातील वैद्य अल-राझी यांच्या लेखनातही ती आढळतात.

== चेतेचा मार्ग आणि सूज ==
मेंदूतून निघणाऱ्या कर्पर चेतांच्या बारा जोड्यांपैकी ही सातवी जोडी होय. उजवी चेता चेहऱ्याच्या उजव्या अर्ध्या भागाचे आणि डावी चेता डाव्या भागाचे स्नायू हलवते. कपाळाला आठ्या घालणे, डोळा मिटणे, गाल फुगवणे, हसणे व ओठ आवळणे ही सर्व कामे तिचीच आहेत. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागातील चवीची संवेदनाही तिच्यातूनच मेंदूकडे जाते. कानातील एका अतिशय लहान स्नायूला ती चालना देते व हा स्नायू मोठ्या आवाजाचा जोर कमी करतो.

मेंदूपासून चेहऱ्यापर्यंत जाताना ही चेता कानाभोवतीच्या शंखास्थी या हाडातील बोगद्यातून जाते. बोगद्याची लांबी सुमारे ३ सेंटिमीटर असते, आणि त्याच्या सुरुवातीचा सर्वांत अरुंद भाग एक मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद असतो. शरीरातील इतर मऊ भाग सुजले की बाहेरच्या दिशेने फुगतात. येथे चहूकडे हाड असल्याने सुजलेल्या चेतेला फुगायला वाव मिळत नाही. सूज आतल्या आत दाब निर्माण करते, त्या दाबाने चेतेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आवळल्या जातात, रक्तपुरवठा घटल्याने सूज आणखी वाढते आणि हे चक्र एक ते तीन दिवस चालू राहते. म्हणून पहिल्या दिवशी थोडा वाकडा दिसणारा चेहरा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक वाकडा होतो. फांद्या फुटण्याआधीच चेता दाबली गेल्यामुळे कपाळापासून हनुवटीपर्यंत संपूर्ण अर्धा चेहरा एकाच वेळी निर्जीव होतो.

सूज कशामुळे येते, हे प्रत्येक रुग्णात निश्चित सांगता येत नाही. ओठांवर पुरळ आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू अनेकांच्या चेतापेशींत सुप्तावस्थेत असतो. तो पुन्हा जागृत होणे, हे सर्वाधिक संभाव्य कारण मानले जाते. मधुमेह असणाऱ्यांत आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत या विकाराचे प्रमाण अधिक आढळते. थंड वारे लागल्याने तोंड वाकडे होते, ही समजूत सर्वत्र प्रचलित असली तरी ती सिद्ध झालेली नाही.

== लक्षणे ==
अनेकदा आदल्या दिवशी कानामागे दुखते. सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळते, घास गालात अडकून राहतो, 'प' आणि 'ब' हे ओष्ठ्य वर्ण नीट उमटत नाहीत. काहींना अन्न बेचव लागते, तर काहींना कुकरची शिटी त्या बाजूच्या कानाला असह्य वाटते.

हसताना तोंड एका बाजूला ओढले जाते. ती ओढली जाणारी बाजू निरोगी असते. तिचे स्नायू खेचतात आणि समोरून त्यांना प्रतिकार होत नाही. पाहणारे पुष्कळदा हीच बाजू आजारी समजतात. ज्या बाजूच्या सुरकुत्या नाहीशा होऊन गाल सपाट दिसतो, ती खरी आजारी बाजू होय.

== डोळा का मिटत नाही ==
पापणी उघडणे आणि पापणी मिटणे ही कामे दोन वेगळ्या चेतांकडे आहेत. वरची पापणी उचलणाऱ्या मुख्य स्नायूला तिसरी कर्पर चेता चालना देते, तर पापण्या मिटणाऱ्या वर्तुळाकार स्नायूला सातवी. बेल्स पाल्सीत तिसरी चेता शाबूत असते. परिणामी उचलणारा स्नायू काम करतो, मिटणारा करत नाही, आणि डोळा झोपेतही अर्धवट उघडा राहतो. रुग्ण डोळा मिटू पाहतो तेव्हा बुबुळ वर सरकते व फटीतून पांढरा भाग दिसतो. बुबुळाचे हे वर जाणे निरोगी माणसातही घडते. एरवी ते मिटलेल्या पापणीआड झाकलेले असते.

प्रत्येक उघडझापीबरोबर पापणी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरवते व धूळ पुसून काढते. हे थांबले की बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, कोरडा पडतो. खालची पापणी सैल झाल्याने अश्रू गालावर ओघळतात. म्हणून डोळा सतत पाणावलेला दिसत असूनही प्रत्यक्षात तो कोरडा असू शकतो. कोरड्या पारपटलावर ओरखडे उठतात, त्यात जंतुसंसर्ग झाल्यास व्रण होतो आणि व्रण भरून आल्यावर तेथे पांढरा डाग राहतो. यालाच 'फूल पडणे' म्हणतात.

== निदान ==
निदान मुख्यतः तपासणीवरून होते. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो, हा मेंदूतील पक्षाघात तर नाही ना. त्यासाठी रुग्णाला भुवया उंचावायला सांगतात. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून आज्ञा मिळते. म्हणून मेंदूच्या एका बाजूच्या पक्षाघातात तोंड वाकडे झाले तरी कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडतात. बेल्स पाल्सीत आजारी बाजूचे कपाळ गुळगुळीत राहते. कपाळ हलत असेल, किंवा हातापायात दुर्बलता, बोलण्यात गोंधळ, तोल जाणे यांपैकी काही असेल, तर वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. घरी केलेल्या या परीक्षेवर विसंबून डॉक्टरकडे जाणे मात्र टाळू नये.

कानात पुरळ व तीव्र वेदना असल्यास नागिणीच्या विषाणूचा संशय घेतात. गालावर बधिर चट्टा असल्यास कुष्ठरोग तपासतात, कारण त्यातही पापणी मिटेनाशी होते आणि पारपटलाची संवेदना गेल्याने इजा जाणवत नाही. दुर्बलता आठवड्यांगणिक हळूहळू वाढत असेल, तर गाठीचा शोध घ्यावा लागतो.

== उपचार ==
सूज उतरवणारे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड प्रमुख औषध आहे, आणि ते पहिल्या ७२ तासांत सुरू होणे महत्त्वाचे असते. स्कॉटलंडमध्ये झालेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना २५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असे १० दिवस औषध दिले होते. नऊ महिन्यांनी प्रेडनिसोलोन घेतलेल्यांपैकी ९४.४ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ८१.६ टक्के पूर्ण बरे झाले. विषाणुरोधक असायक्लोव्हिरने त्यात भर पडली नाही. स्टेरॉइडने रक्तशर्करा वाढते, म्हणून मधुमेहींनी हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

डोळ्यासाठी दिवसा दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि बाहेर पडताना कडेने बंद असलेला चष्मा वापरतात. रात्री आधी मलम घालून, बोटाने पापणी पूर्ण मिटवून, मग चिकटपट्टी लावतात. उघड्या डोळ्यावर नुसता कापूस ठेवून पट्टी बांधल्यास तोच कापूस पारपटलावर घासतो.

== उदाहरण ==
पुढील उदाहरण काल्पनिक, परंतु नेहमी आढळणारा क्रम दाखवणारे आहे. बुलढाणा जिल्ह्यात चिखली तालुक्यातील एका ४५ वर्षांच्या शेतकऱ्याच्या डाव्या कानामागे सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत दुखू लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी गळते. घरची माणसे पक्षाघाताच्या भीतीने त्याला ग्रामीण रुग्णालयात नेतात. डावे कपाळ हलत नाही, हातपाय व वाचा ठीक आहे, कानात पुरळ नाही, गालावर चट्टा नाही, रक्तशर्करा सामान्य आहे. दुसऱ्याच दिवशी प्रेडनिसोलोन व डोळ्याचे थेंब सुरू होतात.

चौथ्या दिवशी तो मळणीयंत्राजवळ उभा राहतो. कुटाराची धूळ डोळ्यात जाते व ती पुसायला पापणी खाली येत नाही. संध्याकाळी डोळा लाल होतो, खुपतो आणि उजेड सहन होत नाही. ही तिन्ही लक्षणे पारपटलाच्या इजेची आहेत. नेत्रतज्ज्ञ डोळ्यात रंगद्रव्य घालून निळ्या प्रकाशात पाहतात, तेव्हा ओरखडा हिरवा चमकतो. वेळीच उपचार झाल्याने तो काही दिवसांत भरून येतो. पिकाच्या कणांमुळे झालेल्या जखमेत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो व तो बरा करणे अवघड असते. म्हणून अशा वेळी घरातले जुने थेंब वापरू नयेत, विशेषतः स्टेरॉइडचे. तोंडाने घेतलेले स्टेरॉइड चेतेची सूज उतरवते, पण डोळ्यात घातलेले स्टेरॉइड बुरशी वाढवू शकते. तिसऱ्या आठवड्यात ओठाचा कोपरा हलू लागतो आणि तीन महिन्यांत चेहरा सरळ होतो.

== सुधारणेचा काळ ==
डेन्मार्कमध्ये पीटरसन यांनी औषधाविना राहिलेल्या १,७०१ रुग्णांची नोंद ठेवली. त्यांपैकी ७१ टक्के पूर्ण बरे झाले आणि ८५ टक्के रुग्णांत तीन आठवड्यांच्या आत सुधारणा दिसली. उरलेल्यांत ती तीन ते पाच महिन्यांनी सुरू झाली.

या अंतराचे कारण इजेच्या खोलीत आहे. केवळ चेतातंतूंचे आवरण बिघडले असेल, तर ते काही आठवड्यांत दुरुस्त होते. तंतूच तुटला असेल, तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतो आणि कानामागून चेहऱ्यापर्यंत पोहोचायला त्याला काही महिने लागतात. नव्याने वाढणारे तंतू कधी चुकीच्या स्नायूकडे जातात. मग हसताना डोळा मिटतो किंवा जेवताना डोळ्यातून पाणी येते. डोळा दीर्घकाळ मिटत नसल्यास वरच्या पापणीत सोन्याचे लहानसे वजन बसवतात किंवा पापण्यांचा बाहेरील कोपरा शिवतात. चार महिने उलटूनही चेहऱ्याची काहीच हालचाल परतली नाही, तर मूळ निदानाचाच फेरविचार करून तपासण्या केल्या जातात.