भेसळीतून सापडलेली गोळी

संततिनियमनाच्या गोळीचा इतिहास चाळताना मला सर्वांत जास्त खिळवून ठेवले ते एका भेसळीने. १९५०च्या दशकात अमेरिकेत ग्रेगरी पिंकस आणि डॉ. जॉन रॉक हे नॉरएथिनोड्रेल या कृत्रिम प्रोजेस्टिनचे प्रयोग करत होते. त्यात मेस्ट्रॅनॉल या इस्ट्रोजेनचा अंश राहून गेल्याचे लक्षात आले. तो काढून टाकला, तर स्त्रियांना मधूनच रक्तस्राव होऊ लागला. अखेर तो अंश मुद्दाम ठेवला गेला. 'एनोव्हिड'च्या १० मिलिग्रॅमच्या गोळीत ९.८५ मिलिग्रॅम नॉरएथिनोड्रेल होते आणि ०.१५ मिलिग्रॅम मेस्ट्रॅनॉल.

एवढ्याशा अंशाने काय साधले? मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. पहिल्यामुळे बीजकोशात बीजपुटिका वाढते. महिन्याच्या मध्यावर दुसऱ्याची लाट आली, की बीज बाहेर पडते. बीजकोशाची संप्रेरके उलट मेंदूला निरोप देतात. गोळी हाच निरोप रोज, खोटा देते. प्रोजेस्टिन एलएचची लाट उठू देत नाही, इस्ट्रोजेन एफएसएच दाबून पुटिका वाढू देत नाही. शिवाय प्रोजेस्टिनने गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट होऊन शुक्राणूंची वाट अडते आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. मात्र प्रोजेस्टिन एकटेच असले, तर हे अस्तर ठिसूळ होऊन अवेळी झिरपते. त्याला धरून ठेवते ते इस्ट्रोजेन.

माझ्या वहिनीने एकदा विचारले होते, "गोळ्या चालू असताना येते ती पाळी खरी का?" तिचे उत्तर इथेच आहे. बीज सुटलेलेच नसते. २१ गोळ्या संपल्यावर संप्रेरकांचा आधार निघतो, अस्तर सुटते, एवढेच. पण त्या ७ दिवसांत पीयूषिकेवरचा दाबही उठतो, एफएसएच वाढू लागते आणि पुटिका डोके वर काढते. आठव्या दिवशी नवे पाकीट सुरू झाले, की ती थांबते. नव्या पाकिटाच्या पहिल्या दोन-तीन गोळ्याच राहिल्या, तर ती पिकून बीज सुटू शकते. म्हणून पाकिटाच्या मधल्या एका गोळीपेक्षा सुरुवातीच्या गोळ्या चुकणे अधिक घातक.

१९५६ साली प्वेर्तो रिकोतील रिओ पिएद्रास येथे मोठी चाचणी झाली. गोळी घेणाऱ्या बायकांना आपण प्रयोगाचा भाग आहोत हे सांगितले नव्हते. तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी गर्भधारणा टळते हे नोंदवले. पण मळमळ, चक्कर, डोकेदुखीच्या तक्रारींमुळे ही गोळी सर्रास देण्याजोगी नाही, असेही बजावले. पिंकस यांनी त्या तक्रारी बऱ्याच अंशी मनाचे खेळ मानले. पुढे गोळीतले इस्ट्रोजेन रक्ताच्या गुठळ्यांशी जोडले गेले आणि त्याचे प्रमाण कितीतरी पटींनी उतरवावे लागले. आजच्या बहुतेक गोळ्यांत ते ०.०२ ते ०.०३५ मिलिग्रॅम असते. रिओ पिएद्रासच्या बायका मात्र मूळच्या मात्रेची गोळी घेत होत्या.