स्पेनचा कैदी आणि बंगळूरचं पिल्लू

शनिवारी सकाळी जरा लोळत पडावं म्हटलं, तर खारेगावहून मावसभाऊ दारात हजर. "दादा, बारा हजार दे ना. सोमवारी परत मिळणारेत."

कथा अशी. एका साइटवर त्याला लॅब्रॅडॉरचं पिल्लू दिसलं. चाळीस दिवसांचं, बंगळूरला, किंमत आठ हजार. चार हजार आगाऊ दिले. मग ट्रान्सपोर्टचे अडीच हजार. मग मेल आला, की विमानतळावर पिंजऱ्याचा विमा लागतो, साडेनऊ हजार, पण पिल्लू पोचलं की परत. तेही दिले. आता लसीच्या दाखल्याचे बारा हजार, नाहीतर पिल्लू तिथेच उपाशी अडकणार. म्हणजे सोळा हजार गेले होते आणि अजून शेपटीही दिसली नव्हती.

मंडळी, ही युक्ती इंटरनेटची नाही. फ्रान्स्वा विडॉक नावाचा एक भारी माणूस होता. आधी चोर, मग पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. त्याने १८३० च्या दशकात 'जेरुसलेमची पत्रं' या प्रकाराबद्दल लिहून ठेवलंय. तुरुंगातले कैदी श्रीमंतांना पत्रं पाठवायचे, की क्रांतीत पळताना माझ्या मालकाची दागिन्यांची पेटी तुमच्या गावाजवळ टाकावी लागली, मी इथे अडकलोय, थोडे पैसे पाठवा, पेटी दाखवतो. शंभरातल्या वीस पत्रांना उत्तर यायचं, असं विडॉक सांगतो. पुढे यातूनच 'स्पॅनिश कैदी' झाला. १८९८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनेसुद्धा त्यावर बातमी दिली होती, आणि तेव्हाही ही फसवणूक जुनीच म्हटली जात होती. १९८० च्या दशकात नायजेरियाची पत्रं आली. २००७ च्या सुमारास अमेरिकेत कैद्याच्या जागी बुलडॉगचं पिल्लू आलं. भारतात २०२१ मध्ये डेहराडूनच्या एका बाईंचे गोल्डन रिट्रीवरच्या नादात ६६ लाख गेल्याची केस उघडकीला आली. २०२२ मध्ये तर गूगलनेच बॅसेट हाउंडच्या खोट्या साइट चालवल्याबद्दल कॅमेरूनमधल्या एकावर खटला भरला.

दोनशे वर्षांत सांगाडा तोच. पहिली रक्कम म्हणजे नुसता गळ. खरी कमाई नंतरच्या 'अडकलाय, सोडवा' मध्ये. आणि 'परत मिळतील' हा शब्द सगळ्यात घातक, कारण त्यामुळे खर्च हा खर्च वाटतच नाही, ठेव वाटते. भाऊ मला नवीन बारा हजार मागत नव्हता, तो जुने सोळा हजार वाचवू बघत होता. वर त्या मुक्या जिवाची दया. कैद्यापेक्षा पिल्लू जास्त चालतं ते यामुळेच.

मी म्हटलं, "नंबर दाखव." ट्रान्सपोर्टच्या साइटवर विमानाच्या कार्गोचा अकरा आकडी नंबर होता. खऱ्या एअर वेबिलमध्ये पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात (098 म्हणजे एअर इंडिया). पुढच्या सात आकड्यांना ७ ने भागून जी बाकी उरते, तो शेवटचा आकडा.

```
>>> 1234567 % 7
5
```

म्हणजे 098-12345675 हा नंबर नियमात बसतो. ७ ने भागल्यावर बाकी ६ च्या वर जाऊच शकत नाही, आणि भावाच्या नंबराच्या शेवटी होता ९. भाऊ गप्प. अर्थात नंबर बरोबर आला म्हणून माल खरा असं नाही. दहात एक खोटा नंबर योगायोगाने जुळेल, आणि कुणाचा तरी खरा नंबर उचलताही येतो. म्हणून तो विमान कंपनीच्याच साइटवर टाकून बघायचा, पाठवलेल्या लिंकवर नाही.

खरं तर त्याच्याही आधी कळायला हवं होतं. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबद्दल २०१७ चे केंद्र सरकारचे नियम आहेत. त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. चाळीस दिवस म्हणजे सहा आठवडेसुद्धा नीट नाहीत. फोटोही कामाचे नाहीत, ते कुठूनही उचलता येतात. जाऊन पिल्लू त्याच्या आईजवळ बघायचं, आणि ते हातात आल्यावरच पैसे. ते जमत नसेल, तर व्यवहारच नको.

बारा हजार मी दिले नाहीत. आम्ही १९३० ला फोन लावला आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाकली. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत फोन गेला तर गोठवता येतात. आमचे चार दिवस आधीच गेले होते, त्यामुळे सोळा हजारांवर पाणी सोडल्यातच जमा आहे.

रात्री भावाचा मेसेज आला, "दादा, पण ते पिल्लू खरंच कुठे असेल रे?" फोटोतलं पिल्लू कुणाच्या तरी घरी आरामात मोठं झालं असणार, असं सांगितलं. अजून त्याला पूर्ण पटलेलं दिसत नाही. असो.