खात्यातून रक्कम वजा, चलन मात्र जमा नाही : जीएसटी मागणी भरताना उद्भवणारी अडचण

वस्तू आणि सेवा कराच्या मागणीची रक्कम नेट बँकिंगने भरल्यावर ती खात्यातून वजा होते; परंतु करदात्याच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये कधी कधी दिसत नाही. केंद्रीय वस्तू आणि सेवा कर नियमावलीतील नियम ८७ मध्ये या परिस्थितीसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली आहे.

प्रत्येक चलनाला १४ अंकी सीपीआयएन क्रमांक मिळतो. बँकेने रक्कम शासनाच्या खात्यात जमा केल्यावर १७ अंकी सीआयएन तयार होतो. त्यामुळे केवळ पासबुकातील नोंद हा कर भरल्याचा पुरावा ठरत नाही. सीआयएन तयारच झाला नसेल, तर रक्कम बँकेकडेच अडकलेली असू शकते. तो तयार होऊन पोर्टलला कळवला गेला नसेल, तर पैसे शासनाकडे पोहोचलेले असतात. केवळ नोंद राहिलेली असते.

उदाहरणार्थ, तंजावरच्या एखाद्या व्यापाऱ्याला १० मार्च रोजी ६० हजार रुपयांच्या कराचा मागणी आदेश मिळाला, असे समजू. ही रक्कम भरण्यास तीन महिन्यांची मुदत असते. त्याने ९ जूनला रक्कम भरली. मात्र पोर्टलवर चलनाची स्थिती INITIATED अशीच राहिली. २४ तासांनंतरही बदल न झाल्यास त्याने पोर्टलवरील Grievance against Payment या सुविधेतून पीएमटी-०७ हा अर्ज दाखल करावा. त्यात सीपीआयएन, रक्कम वजा झाल्याची तारीख आणि बँकेचा व्यवहार क्रमांक द्यावा. हा अर्ज संबंधित बँकेकडे जातो. बँकेने ९ जूनचा सीआयएन दिला, तर भरणा मुदतीत झाल्याचे सिद्ध होते. कारण शासनाच्या खात्यात रक्कम जमा झाल्याची तारीख हीच भरण्याची तारीख मानली जाते. रक्कम दहा दिवस उशिरा शासनाकडे गेल्यास वार्षिक १८ टक्के दराने सुमारे २९६ रुपये व्याज होते. मुदत टळल्यास वसुलीची कारवाईही सुरू होऊ शकते.

बँकेने सीआयएन कळवला नाही, तरी जुलै २०२२ मधील दुरुस्तीनुसार रिझर्व्ह बँकेच्या ई-स्क्रोलमधील तपशील चलनाशी जुळल्यास त्याआधारे लेजर अद्ययावत करता येते.

मुदत संपत आली असेल, तर नवीन चलनाने पुन्हा रक्कम भरणे हा मार्ग उरतो. पहिली रक्कम नंतर लेजरमध्ये आल्यास ती तेथे शिल्लक राहते आणि तिचा परतावा मागता येतो.

लेजरमध्ये रक्कम येणे म्हणजे मागणी फिटणे नव्हे. ती रक्कम त्या मागणी आदेशापोटी वळती करावी लागते. हे न केल्यास पैसे शिल्लक असूनही मागणी थकीतच दिसते.