बेलीचा पूल आणि मुलाखतीतले तीन प्रश्न

मी फौजेतला इंजिनिअर. निवृत्तीनंतर अधूनमधून सीनिअर इंजिनिअरच्या मुलाखती घ्यायला बसतो. तीन प्रश्न हमखास असतात. काय हवं आहे तेच स्पष्ट नव्हतं, तेव्हा काय केलंत? तांत्रिक निर्णय कसा घेतलात? हाताखालच्या पोरांना कसं शिकवलंत? समोरचे उमेदवार हुशार असतात, पण उत्तरं फार गोल गोल येतात. नेमकं उत्तर कसं असतं, हे मला एका पुलानं शिकवलं. आज त्याचीच गोष्ट.

साल १९४०. इंग्लंडमध्ये क्राइस्टचर्च इथे लष्करी पुलांवर प्रयोग करणारी एक सरकारी संस्था होती. डोनाल्ड बेली तिथे काम करायचे. ते स्वतः सैनिक नव्हते, मुलकी नोकर होते. फौजेला नवा पूल हवा होता; पण नदी किती रुंद असेल, हे कुणाला माहीत? वजनाचंही तेच. मटिल्डा रणगाडा सुमारे २६ टनांचा होता, आणि मागून येणारा चर्चिल ४० टनांच्या घरातला. आज ठरवलेला आकडा उद्या खोटा पडणार होता.

बेलींच्या आराखड्याकडे पाहिलं की त्यांनी प्रश्न कसा उलटा धरला ते कळतं. नदी आणि रणगाडा बदलतील, पण माणसाची ताकद बदलणार नाही. फौजेची तीन टनी लॉरीही तीच राहील. म्हणून त्यांचं पोलादी पॅनेल १० फूट लांब, ५ फूट उंच आणि सुमारे २६० किलो वजनाचं. सहा जवानांनी उचललं तर प्रत्येकाच्या वाट्याला ४३ किलो येतात. पॅनेलला पॅनेल पिनेनं जोडायचं. नदी रुंद असेल तर पॅनेलं लांबीत वाढवायची; भार जास्त असेल तर दोन-तीन पॅनेलं शेजारी किंवा एकावर एक लावायची. सुटा भाग तोच, पूल मात्र हवा तसा.

याची किंमतही होती. एकाच नदीसाठी खास बांधलेला पूल याहून हलका झाला असता. पिनांच्या भोकांत थोडी सैल जागा राहते, म्हणून लांब पूल मध्ये जरा झुकतो. शेजारी लावलेली पॅनेलं भार अगदी सारखा वाटूनही घेत नाहीत. हे सगळं पत्करून, जवानाला झटपट जोडता येईल असा पूल निवडला गेला. १९४१ च्या अखेरीस तो फौजेत आला आणि पुढे इटलीतल्या नद्यांवर फार उपयोगी पडला. निर्णयाबद्दल विचारतो तेव्हा मला हेच ऐकायचं असतं : काय सोडलंत, आणि कशासाठी?

आता तिसरा प्रश्न. मी लेफ्टनंट असताना सरावात १०० फुटांचा बेली पूल टाकायची जबाबदारी माझ्यावर आली. हा पूल अलीकडच्या काठावर जोडून रोलरवरून पुढे ढकलतात. तो तोंडावर पडू नये म्हणून पुढे हलका सांगाडा लावतात, त्याला आम्ही 'नोज' म्हणतो. दहा फुटांचा एक टप्पा म्हणजे एक 'बे'. मी नोज सहा बेंचा धरला होता. मेजरसाहेबांनी कागद पाहिला. चूक आहे असं म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "नोज पलीकडे टेकायच्या आधीच्या क्षणी पुढे किती आणि मागे किती, सांग."

मी हिशेब मांडला. सोयीसाठी नोजच्या एका बेचं वजन १ आणि पुलाच्या बेचं ३ धरलं. त्या क्षणी रोलरपुढे नोजचे सहा आणि पुलाचे चार बे. मागे पुलाचे सहा. वजन गुणिले रोलरपासूनचं अंतर : पुढे ४२ आणि २४ मिळून ६६, मागे ५४. म्हणजे पूल नदीत! सात बेंचा नोज धरून पुन्हा मांडलं : पुढे ५९, मागे साडेत्र्याहत्तर. पूल तरला.

साहेबांनी "सात लाव" म्हटलं असतं तर मला फक्त त्या दिवशीचा आकडा मिळाला असता. त्या एका प्रश्नामुळे नेमका कोणता क्षण धोक्याचा, ते कळलं. पुढे माझ्या हाताखालच्या लेफ्टनंटांना मी तोच प्रश्न विचारत आलो.

परवा एक उमेदवार म्हणाला, "सर, मी ज्युनिअरना नेहमी मार्गदर्शन करतो." मी विचारलं, "शेवटचा प्रश्न कोणता विचारलात, आणि त्यानं स्वतःची कोणती चूक शोधली?" तो बराच वेळ गप्प बसला. मग मोकळेपणानं म्हणाला, "सर, मी उत्तरंच देत आलो." त्या दिवसाचं ते सगळ्यात नेमकं उत्तर होतं. त्याच्या नावापुढे मी बरोबरची खूण केली.