अनुदान मंजुरीपत्र (सशर्त)

अनुदान मंजुरीपत्र : अनुदान देणाऱ्याने अंदाजपत्रक अटींसह मंजूर केल्याचे पत्र. त्यातील एकूण रक्कम ही खर्चाची कमाल मर्यादा असते, संस्थेचे उत्पन्न नव्हे. म्हणून पत्राचे वाचन अटींपासून सुरू करावे. केंद्र सरकारच्या अनुदानांना सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू होतात. त्यांनुसार उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावे लागते आणि आगाऊ मिळालेल्या अनुदानावरील व्याज भारताच्या संचित निधीत भरावे लागते. समजा, दहा लाख रुपये मंजूर झाले : सहा लाख आवर्ती खर्चासाठी, चार लाख उपकरणांसाठी. उपकरण साडेतीन लाखांत मिळाले, तर उरलेले पन्नास हजार मानधनाकडे वळवता येत नाहीत. त्यासाठी लेखी पूर्वपरवानगी लागते, नाहीतर ती रक्कम परत करावी लागते.

अटी ठरावीक छापाच्या असतात आणि काम चांगले झाले की त्या कोणी पाहत नाही, असा आक्षेप घेतला जातो. परंतु लेखापरीक्षक कामाचा दर्जा तपासण्याआधी खर्च मंजूर शीर्षाखाली आणि मंजूर मुदतीत झाला का, हे पाहतो. मुदतीपूर्वीचे बिल खरे असूनही अमान्य ठरू शकते. प्रमाणपत्र रखडले की पुढचा हप्ताही अडतो. म्हणून अट पाळणे शक्य नसेल, तर पहिला खर्च करण्यापूर्वीच लेखी दुरुस्ती मागावी. तोंडी आश्वासन हिशेबात टिकत नाही.