शब्द मोजून फसलेली दोन मिनिटं

सिनेमाच्या आधी दाखवली जाणारी ती काळीपांढरी समाचारचित्रं आठवतात? फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली मुंबईत सुरू झालं (आणि मार्च २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झालं). त्यांची रिळं थिएटरवाल्याला परवान्यातल्या अटीमुळे दाखवावीच लागत. प्रेक्षक तोवर शेंगदाणे घेऊन यायचे, ही गोष्ट वेगळी.

यातली गंमत मला फार उशिरा कळली. चित्र एकच, पण निवेदन बऱ्याच भाषांत. चित्राची निगेटिव्ह एक आणि प्रत्येक भाषेची आवाजाची निगेटिव्ह वेगळी, प्रिंट काढताना दोन्ही एकत्र व्हायच्या. म्हणजे मराठी वाक्य लांबलं म्हणून धरणाचा शॉट दोन सेकंद वाढवणं शक्य नाही. चित्र कापून झालेलं असतं, आता वाक्यानेच अंग चोरायचं.

मूकपटात ही अडचण नव्हती, तिथे प्रोजेक्टर फिरवणाऱ्याच्या हाताप्रमाणे वेग थोडा कमीजास्त चालायचा. बोलपट आले (आपल्याकडे मराठीत १९३२ चा 'अयोध्येचा राजा') आणि आवाज फिल्मवरच बसल्यामुळे सेकंदाला २४ चौकटी हा वेग पक्का झाला. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणून मिनिटाला बरोबर ९० फूट. हजार फुटांचं रीळ ११ मिनिटं ७ सेकंदांत संपतं. एकदा वेग ठरला की फूटपट्टी हेच घड्याळ. नऊ फुटांचा शॉट म्हणजे सहा सेकंद, निवेदनाचं वाक्य त्यात बसलं पाहिजे.

आता माझी फजिती. एका कंपनीला अहेरी भागातल्या बांबू तोडणाऱ्यांसाठी दोन मिनिटांची फिल्म हवी होती: मोजणी कशी होते, पैसे बँकेत कसे जमा होतात, आणि पैसे कमी आले तर फोन कुठे करायचा. ॲनिमेशन तयार होतं. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणा, अलीकडेही तेलुगू बोलणारे बरेच, त्यामुळे मराठी आणि तेलुगू दोन्ही आवाज त्याच चित्रावर चढवायचे. थोडक्यात, फिल्म्स डिव्हिजनचंच कोडं.

इंग्रजी मसुदा ३०० शब्दांचा होता. मिनिटाला दीडशे, हा तिथला नेहमीचा हिशेब. मराठी भाषांतर भरलं २३० शब्द. साहेब खूश! "अहो, मिनिटाला ११५ च होतात, अजून चार वाक्यं घाला की." मीही मान डोलावली. प्रत्यक्ष वाचून बघितलं तर घड्याळ २ मिनिटं १८ सेकंदांवर थांबलं.

चूक मोजमापातच होती. इंग्रजीत जे तीन शब्द, ते आपल्याकडे 'जंगलातल्या' असा एकच शब्द. विभक्ती, शब्दयोगी अव्यय, सगळं एकाच शब्दाला चिकटतं. शब्द कमी होतात, बोलायचा वेळ नाही. म्हणून मी शब्द सोडून अवयव मोजले, म्हणजे तोंडाने जितके ठोके पडतात तितके. लिहिलेली अक्षरं मोजूनही चालत नाही, कारण 'पावतीवर' लिहायला पाच अक्षरं, बोलायला पाव-ती-वर असे तीनच ठोके. त्या मजकुरात शब्दामागे सरासरी तीन ठोके निघाले, आणि समजेल अशा संथ वाचनात सेकंदाला साधारण पाच. २३० गुणिले ३ भागिले ५ म्हणजे १३८ सेकंद. घड्याळ खरं बोलत होतं.

दुसरा सापळा आकड्यांचा. फोन नंबर संगणकाच्या मोजणीत एक शब्द, पण दहा आकडे पाच-पाच करून, मध्ये थांबून वाचायला सहा सेकंद लागतात. लिहून घेणाऱ्यासाठी दोनदा वाचायचा तर बारा. मग नवा हिशेब मांडला. १२० सेकंदांतून सुरुवातीचे, शेवटचे आणि दृश्य बदलतानाचे श्वास मिळून १५ गेले, नंबरचे १२ गेले, उरले ९३. म्हणजे ४६५ ठोके, साधारण १५५ शब्द. पंचाहत्तर शब्द छाटायचे.

आणि इथे भांडण झालं. कंपनीचं म्हणणं, नंबर पडद्यावर दिसतोच आहे, आवाजातून काढा; 'अग्रगण्य', 'कटिबद्ध', स्थापनेचं वर्ष वगैरे राहू द्या. माझं म्हणणं उलट. ज्याला वाचता येत नाही त्याला पडद्यावरचा नंबर काय उपयोगाचा? आणि पैसे कमी पडले तर नेमका त्यालाच फोन करायचा आहे. शेवटी मी दोन्ही मजकूर मोबाईलवर रेकॉर्ड करून चित्रावर चढवून दाखवले. त्यांच्या मजकुरात 'पैसे चार दिवसांत' हे वाक्य बँकेचं चित्र निघून गेल्यावर, ट्रकच्या चित्रावर ऐकू येत होतं. ते बघून विशेषणं गेली. स्थापनेचं वर्ष मात्र राहिलं, त्यासाठी नंबर दुसऱ्यांदा फक्त शेवटचे पाच आकडेच वाचावे लागले.

तेलुगूचं वाचन तिथल्याच एका मास्तरांकडून, घड्याळ लावून, पुन्हा पहिल्यापासून करून घेतलं. मराठीचा भाजक त्यांना लावायचा मोह झाला होता.