दुसऱ्या अंतऱ्याचं दुखणं

मागच्या महिन्यात एक गाणं लिहायचा उद्योग अंगावर घेतला होता. बाबांची साठी. बहिणीचा गळा बरा आहे, माझ्याकडे शब्द जुळवण्याची थोडीफार खाज आहे, तेव्हा दोघांनी मिळून एक गाणं करायचं ठरलं. शुक्रवारी रात्री ऑफिसातून नेरुळला घरी आल्यावर बसलो आणि ध्रुवपद अन् पहिला अंतरा तासाभरात झाला सुद्धा. पहाटेचा डबा, हार्बरची गर्दी, रात्री उशिरा दारात वाजणाऱ्या चपला, सगळं त्यात आलं. मी खूष. शनिवारी दुसरा अंतरा लिहिला. रविवारी बहिणीने दोन्ही गाऊन पाहिले आणि म्हणाली, "दादा, हे मी आत्ताच गायले ना?"

खरंच होतं. पहिल्यात डबा होता तर दुसऱ्यात घाम, पहिल्यात गर्दी तर दुसऱ्यात वटवृक्षाची सावली. अर्थ एकच: बाबांनी आमच्यासाठी कष्ट केले. मग मी आमच्या धंद्यातली एक युक्ती केली. दोन्ही अंतऱ्यांची अदलाबदल केली आणि गाणं वाचलं. काहीही बिघडलं नाही! प्रोग्राममधल्या दोन ओळी उलटसुलट करून आउटपुट तेच येत असेल, तर त्या दोन ओळी बहुधा एकमेकींवर अवलंबून नाहीत. गाण्यात त्याचा अर्थ असा की ऐकणारा पहिल्या अंतऱ्याच्या शेवटी जिथे उभा होता, तिथेच दुसऱ्याच्या शेवटीही उभा आहे. पुढे काय, हे त्याला विचारावंसंच वाटत नाही.

हे होतं का, याचा विचार करताना कारण साधं दिसलं. जे सांगायचं असतं त्यातलं सगळ्यात चांगलं आपण पहिल्या अंतऱ्यातच खर्च करून टाकतो. मग ध्रुवपदाशी यमक जुळवायचं असतं, मात्रा तेवढ्याच हव्या असतात, चालही बहुतेक वेळा तीच, म्हणून हात आपोआप उपमेकडे जातो. उपमा म्हणजे जुन्याच बातमीला नवे कपडे. संगीतकार कधी अंतऱ्याची चाल बदलून मदत करतो, पण नव्या चालीत जुनी बातमी ऐकली तरी ती जुनीच.

आता याची खरी परीक्षा बघायची तर जिथे अंतरे दोन-तीन नाहीत, आठ-दहा आहेत अशी गाणी बघायला हवीत. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची, त्यामुळे जुन्या भावगीतांत फार वेळ सांडायची सोयच नव्हती. पण आपल्याकडे एक मोठा अपवाद आहे, गीतरामायण. पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, ते सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, दर आठवड्याला एक नवं गाणं, असं वर्षभर. एकूण ५६ गाणी झाली. (आम्ही दर आठवड्याला एक रिलीज करायचा म्हटलं तरी रडतो, असो.) मोठ्या कवीच्या कामातही, दर आठवड्याची मुदत असताना, अंतरा कुठे ढिला पडतो आणि कुठे ताणला जातो हे इथे शांतपणे बघता येतं. ओळी तुम्हाला पाठ असतीलच, म्हणून उद्धृत करत नाही.

पहिलं गाणं घ्या. कुश-लव रामासमोर रामायण गातायत. आठ अंतरे आहेत. पहिल्या अंतऱ्यातच गदिमा सगळ्यात मोठी गोष्ट सांगून टाकतात: ही मुलं रामाचीच आहेत आणि बापाचं चरित्र बापाला ऐकवतायत. नवखा माणूस ही बातमी शेवटासाठी राखून ठेवेल. गदिमांनी ती आधीच फोडली, कारण ऐकणाऱ्याला ती माहीतच आहे. मग दुसऱ्या अंतऱ्यात उरलं काय? तर चेहरा राजबिंडा आणि वेष मुनीचा, ही विसंगती. ही नुसती उपमा नाही. राजाची मुलं वल्कलात का, हा प्रश्न तिथे उभा राहतो आणि त्या प्रश्नामागे सीतेचा सगळा वनवास आहे, तिचं नाव न घेता. दुसरा अंतरा पहिल्याच्या आधी ठेवून बघा, चालणार नाही. मुलं कोणाची हे कळल्याशिवाय वेषाची बोच लागत नाही.

पण तिसरा आणि चौथा अंतरा? मोठ्या माणसाबद्दल बोलतोय, तेव्हा जपून सांगतो, पण माझ्या कानाला गाणं इथे थोडं बसतं. तिसऱ्यात आमराईतले कोकिळ, चौथ्यात फुलांसारखे ओठ, सुगंधासारखे स्वर, कानातली डुलणारी कुंडलं. सुंदर आहे, पण मुलं गोड गातात ही एकच बातमी दोनदा आली. या दोघांची अदलाबदल केली तर गाण्याला पत्ताही लागणार नाही. याचं एक कारण मला यमकात दिसतं. ध्रुवपद 'ती' या अक्षरावर संपतं, आणि मराठीत अनेकवचनी क्रियापद लिहिलं की काव्यभाषेत 'ती' फुकट मिळतो. झुलणं, डुलणं, उमलणं, काहीही चालतं. यमक इतकं स्वस्त मिळालं की वर्णनाचा नळ बंद करायचं भान राहत नाही. (माझ्या गाण्याचं यमकही असंच स्वस्त होतं, म्हणून हे पटकन दिसलं. चोराला चोराच्या वाटा.)

गदिमांनी यातून बाहेर कसं काढलं ते बघण्यासारखं आहे. पाचव्यात शेवटाला श्रोते दिसतात. इतका वेळ आपण गाणाऱ्यांकडे बघत होतो, आता मान वळली. सहाव्यात थेट राम, स्वतःचं आयुष्य समोर बघून त्याचे डोळे भरून आलेत. सातव्यात सगळी सभा रडतेय. आणि आठव्यात राम आसन सोडून उठतो, मुलांना मिठी मारतो, बाप-लेकांची भेट होते, पण हे दोघांनाही माहीत नाही. पहिल्या अंतऱ्यात श्रोत्याला दिलेली बातमी इथे कामाला येते. आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही. ती बातमी शेवटासाठी राखून ठेवली असती तर एक धक्का बसला असता आणि संपलं असतं. आधी दिली म्हणून आठही अंतरे आपण श्वास धरून बसतो.

आता दुसरं उदाहरण, चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते गाणं. माझ्या मते गाण्याचं लेखन शिकायचं तर हे एकच पुरे. दहा अंतरे, सगळे रामाच्याच तोंडी, आणि ध्रुवपदातच सगळं तत्त्वज्ञान सांगून झालंय. म्हणजे सांडायला पूर्ण वाव! पहिल्या अंतऱ्यात घरचा विषय: आई दोषी नाही, वडील दोषी नाहीत. दुसऱ्यात एकदम घरातून जगात उडी: जे चढतं ते पडतं, जे साठतं ते नासतं, भेट होते ती ताटातुटीसाठीच. नवी बातमी म्हणजे दर वेळी नवी घटनाच हवी असं नाही, तेच दुःख किती मोठ्या मापाने मोजायचं हे बदललं तरी चालतं, हे मला इथे कळलं. तिसरा आणि पाचवा अंतरा मात्र याच जगाच्या नियमाचे भाऊ आहेत, जन्माबरोबर मृत्यू, म्हातारपणातून सुटका नाही वगैरे. ते लागोपाठ आले असते तर प्रवचन झालं असतं. मधे चौथा घातलाय: बाबा गेले, भाऊ वनात आला. वाल्मीकींच्या कथेत वडील गेल्याचं रामाला भरताकडूनच, चित्रकूटावरच कळतं. म्हणजे समजूत घालणाऱ्याची जखमही ताजी आहे. त्या एका अंतऱ्यामुळे बाकीचं तत्त्वज्ञान पुस्तकी राहत नाही.

सहाव्यात समुद्रात भेटणारे आणि लाटेने वेगळे होणारे दोन ओंडके येतात. हा दृष्टांत वाल्मीकींच्या अयोध्याकांडातला, महाभारतातही आहे. उपमाच आहे ना, मग ही का सांडत नाही? कारण सातव्यात तिचा हिशेब होतो. राम म्हणतो, डोळे पूस, तुझा रस्ता वेगळा, माझा वेगळा, तू राजा हो. दोन ओंडके म्हणजे कोण हे आता कळलं. दृष्टांताचा निर्णय झाला. आणि डोळे पूस म्हणाला म्हणून रेडिओपुढे बसलेल्याला भरत रडतोय हेही दिसलं. आठव्यात राम विचारतो की मुकुट घालायचा सोडून हा तापसी वेष कशाला, म्हणजे भरताचे कपडेही दिसले. भरत अख्ख्या गाण्यात एक शब्द बोलत नाही, पण तो काय करतोय ते रामाच्या बोलण्यावरून कळत राहतं. फोनवर बोलणाऱ्या माणसाचं एका बाजूचं बोलणं ऐकून पलीकडचा काय म्हणाला ते ओळखावं, तसं. नवव्यात चौदा वर्षं संपल्याशिवाय येणार नाही ही ठाम मुदत, दहाव्यात पुन्हा कोणी येऊ नका. सातपासून पुढचा एकही अंतरा मला जागचा हलवता आला नाही.

हे सगळं बघून झाल्यावर माझा वटवृक्ष मी पुसून टाकला. आणि लक्षात आलं की अडचण शब्दांची नव्हतीच. बाबांबद्दल मला दुसरी बातमीच माहीत नव्हती. डबा आणि लोकल हे मी बघितलेलं, तेवढं पहिल्या अंतऱ्यात संपलं. मग आईला विचारलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुझी दहावी होती तेव्हा त्यांना बढती मिळत होती, पण नागपूरला जावं लागणार होतं. नको म्हणून लिहून दिलं. तुम्हाला सांगू नकोस म्हणाले." इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं! त्या वर्षी शाळेच्या फीवरून मी त्यांच्याशी काय काय भांडलो होतो ते आठवून जेवण गेलं नाही.

दुसरा अंतरा आईच्या तोंडी लिहिला. बोलणारं माणूस बदललं, काळ मागे गेला, आणि ऐकणाऱ्याला न ठाऊक असलेली एक गोष्ट त्यात आली. उपमा एकही नाही. सही न केलेला एक कागद आणि कपाटाचा खालचा खण, बस. गंमत म्हणजे त्यानंतर ध्रुवपद जसंच्या तसं परत आलं तरी त्याचा अर्थ बदलला. पहिल्या वेळी 'घरी यायचे' म्हणजे रात्रीच्या लोकलने. दुसऱ्या वेळी 'घरी यायचे' म्हणजे गेलेच नाहीत. अदलाबदल करून पाहिली, गाणं मोडलं. मी खूष!

एक तोटाही सांगतो. यमक नीट जुळलं नाही. नागपूरला जुळणारा शब्द शोधून थकलो, शेवटी तसंच ठेवलं. बहीण म्हणाली, चालीत झाकून टाकते.

साठीच्या दिवशी वाशीच्या एका छोट्या हॉलमध्ये बहीण गायली. पहिल्या अंतऱ्याला लोक कौतुकाने हसले, बाबा मावशीशी काहीतरी बोलत होते. दुसऱ्याला बोलणं थांबलं. त्यांनी आईकडे बघितलं, आई ताटं मोजत होती. गाणं संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "हिने सांगितलं ना तुला?"